हँडलवर फोन लावून मुख्य कॅमेरा थरथरतोय – ओआयएस गेला का?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. एसी दुरुस्तीच्या कामामुळे दिवसभर बाइकवर असतो. सकाळी साखळी, दुपारी म्हापसा, संध्याकाळी वेर्णा, असं काहीही. गिऱ्हाईक लोकेशन पाठवतं, आणि आपल्याकडच्या वाड्यांत त्याच्याशिवाय घर शोधायचं म्हणजे दर तिठ्यावर थांबून "ओ बाब, हें घर खंय?" करत बसायचं. म्हणून हँडलला अॅल्युमिनियमचा चार पंजांचा माउंट लावलाय. गाडी जुनी 350 सीसी, एका सिलिंडरची.

आता फोनचा मागचा मुख्य कॅमेरा उघडला की चित्र लटलट हलतं. हात थरथरतोय म्हणावं तर फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवला तरी तेच. कान जवळ नेला तर कॅमेऱ्यातून बारीक गुणगुण ऐकू येते. 0.5x वर गेलो की चित्र शांत, सेल्फीही ठणठणीत. फोन कधी पडलेला नाही, पावसात भिजलेला नाही. आणि चालवताना मी फक्त नकाशा लावतो, कॅमेरा उघडतच नाही. मग बिघडला कसा?

चोर्लाप्रेमी

हे माउंटमुळेच. साध्या पंजाचा माउंट म्हणजे इंजिनाची सगळी थरथर थेट फोनला. रबरी डॅम्पर मिळतो तो मधे लावा, विषय संपला. मी चोर्ला घाटात दर पावसाळ्यात जातो, माझ्या फोनला काही झालेलं नाही.

पायलटाचा भाचा

माझे मामा पणजीत पायलट आहेत, काळी-पिवळी मोटारसायकल. आमच्या जन्माआधीपासून प्रवासी नेतायत. फोन हँडलला लावलेला असतो, दिवसभर. कॅमेरा अजून तसाच. फोन स्वस्तातला आहे आणि गाडी 100 सीसीची. तेव्हा बाइकमुळे कॅमेरा जातो हे मला तरी पटत नाही. तुमचा पीसच खराब आला असेल.

मायक्रोस्कोपवाला

मडगावात मोबाइल दुरुस्तीचं टेबल आहे माझं. असे फोन येतात, आणि पावसाळा सरून रस्ते सुकले की जास्त येतात, कारण तेव्हा लोक लांब फिरायला निघतात.

0.5x शांत आणि 1x हलतोय, म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, मुख्य कॅमेऱ्याचं मॉड्यूलच. ओआयएस, म्हणजे हाताची थरथर सावरायला लेन्स हलवणारी यंत्रणा, रुंद कॅमेऱ्यात बहुतेक फोनांत नसतेच, सेल्फीतही सहसा नसते. एक साधी परीक्षा करा. फोन कानाजवळ धरून हलकेच हलवा. आतून खुळखुळ आली तर लेन्स सुटलीय, मॉड्यूल बदला.

कंपनमापक

मायक्रोस्कोपवाले, पहिला परिच्छेद एकदम बरोबर. खुळखुळीचं मात्र तेवढं सरळ नाही. कॅमेरा बंद असताना कित्येक चांगले फोनही खुळखुळतात. कारण ओआयएसवाली लेन्स घट्ट बसवलेली नसतेच, ती बारीक तारांवर, लवचीक पट्ट्यांवर किंवा गोळ्यांवर तरंगती ठेवलेली असते. कॅमेरा उघडला की कॉइलमधून करंट जातो आणि लेन्स मधोमध धरली जाते, तेव्हा खुळखुळ थांबते. म्हणून परीक्षा अशी करा: कॅमेरा बंद ठेवून हलवा, मग उघडून हलवा. उघडल्यावरही आवाज येत असेल तर काळजीचं.

डिचोलीकर, "कॅमेरा उघडतच नाही" या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. कॅमेरा बंद म्हणजे लेन्स सुरक्षित, असं नाही. बंद असताना तिला धरून ठेवणारं काही नसतं, बहुतेक फोनांत यांत्रिक कुलूप नसतं. नकाशा चालू असतो तेव्हा लेन्स आपल्या तारांवर मोकळी डोलत असते आणि हालचाल जास्त झाली की कडेच्या थांब्यांवर आपटते. सेटिंगमध्ये ओआयएस बंद केलं तरी फरक पडत नाही, ते बटण फक्त कॅमेरा चालू असतानाचं वागणं बदलतं.

मी कारखान्यात पंप आणि पंख्यांची थरथर मोजायचं काम केलंय, मोबाइलचं नाही. पण गणित तेच. तुमची गाडी 60 ला साधारण 3000 आरपीएमवर फिरत असेल. म्हणजे सेकंदाला 50 फेरे, आणि एका सिलिंडरचा पिस्टन दर फेऱ्याला एक हिसका देतो. तासभर चाललात की 1,80,000 हिसके. त्यातला एकेक हिसका किरकोळ असतो. पण लेन्सच्या तारा केसासारख्या बारीक, आणि लेन्सला प्रत्येक बाजूला सरकायला जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यात लेन्स आणि तारा यांची स्वतःची एक लय असते. अशा मॉड्यूलमध्ये ती सेकंदाला वीस-तीस झोक्यांपासून शंभरच्या आसपास, म्हणजे तितक्या हर्ट्झला, पडते, आणि इंजिन नेमकं त्याच पट्ट्यात काम करतं. दोन्ही लयी जुळल्या की हँडल थोडं हललं तरी आत लेन्स पुष्कळ हलते.

पायलटाचा भाचा

मग मामांचा कसा टिकला?

कंपनमापक

भाचेबाब, मामांच्या फोनात बहुधा ओआयएसच नाही. स्वस्त फोनांत लेन्सला फक्त पुढे-मागे होणारा फोकसचा पाळणा असतो, आडवी सरकणारी यंत्रणा नसते. शिवाय 100 सीसीचा पिस्टन हलका, हिसकाही लहान. मामांचा अनुभव खराच आहे, पण तो दुसऱ्या फोनाचा आणि दुसऱ्या गाडीचा आहे.

पीस खराब असण्याचं म्हणाल तर शक्य आहे, आणि एका फोनावरून ते सिद्ध करता यायचं नाही. पण मोठ्या कंपन्यांनाही हा धोका माहीत आहे. अॅपलने सप्टेंबर 2021 मध्ये आपल्या मदतपानावर लिहिलं की जास्त ताकदीच्या मोटारसायकलींच्या इंजिनाची थरथर हँडल आणि चासीतून फोनपर्यंत पोचते, आणि ती दीर्घकाळ बसली तर ओआयएस आणि लेन्सची जागा सेन्सरने तपासत राहणारं क्लोज्ड-लूप ऑटोफोकस बिघडू शकतं. अशा मोटारसायकलींना फोन लावू नका, असा त्यांचा सल्ला आहे. मोपेड आणि इलेक्ट्रिक स्कूटरसाठी भाषा सौम्य आहे: थरथर कमी करणारा माउंट वापरा, आणि तरी रोज तासन्‌तास नको. हे एकाच कंपनीच्या फोनांचं दुखणं नव्हे. तरंगती लेन्स जिथे, तिथे हा प्रश्न.

मंजिरी_म्हापसा

माझंही अगदी असंच! स्कूटरवर चुंबकाचा गोल माउंट लावला होता. थांबून फोटो काढायला कॅमेरा उघडला की चित्र नाचायचं. घरी फोन माउंटवरून काढला की ठीक. म्हणजे माझा पण ओआयएस गेला का? की घरी आपोआप बरा होतो?

मायक्रोस्कोपवाला

मंजिरीताई, तुमचं वेगळं. लेन्स कुठे आहे ते फोन आतल्या चुंबकाच्या क्षेत्रावरून ओळखतो. बाहेरून दुसरं चुंबक जवळ आलं की त्याचा हिशोब चुकतो आणि तो लेन्स उगाच इकडे-तिकडे खेचत बसतो. चुंबक दूर गेलं की सगळं जागेवर. डिचोलीकरांचा फोन माउंटवरून काढून टेबलावर ठेवल्यावरही हलतोय, म्हणून त्यांचं चुंबकाचं नाही. तरी फोनच्या कव्हरमध्ये चुंबकाची पट्टी असेल तर ते काढून एकदा बघा, फुकटात सुटलं तर सुटलं.

कंपनमापक, खुळखुळीचं मान्य. टेबलावर आलेला फोन बहुतेक बंद करूनच हलवतो आम्ही.

डिचोलीकर

कव्हर साधं सिलिकॉनचं. काढून पाहिलं, फरक नाही. कॅमेरा उघडून हलवला तर टकटक येतेच. आणखी एक दिसलं. फोन उभा धरला तर चित्राची उजवी कड धूसर. आडवा करून उलट्या बाजूला फिरवला की धूसरपणा दुसऱ्या कडेला जातो. काचेच्या टेबलावर कॅमेरा खाली करून पालथा ठेवला आणि काचेखालचा कागद पाहिला तर थरथर बरीच कमी.

मायक्रोस्कोपवाला

मग झालंच. गुरुत्वाने लेन्स कलंडतेय. चारपैकी एखादी तार सोल्डरजवळ तुटली असावी, किंवा पाळण्याचा चिकटवलेला भाग सुटला असावा. उघडल्यावर मायक्रोस्कोपखाली तार लोंबताना दिसते, कधी नुसती घासून काळी भुकटी जमलेली असते. लेन्स नेमकी कुठे आहे ते कळेना, म्हणून यंत्रणा तिला सतत शोधत राहते, आणि तीच तुमची गुणगुण. तार जोडत बसण्यात अर्थ नाही, पूर्ण मॉड्यूल बदलतात. मॉड्यूल घेताना त्याच मॉडेलचं घ्या. काही फोनांत बाहेरचं मॉड्यूल लावलं की ओआयएस चालू होतं पण नीट जुळत नाही, व्हिडिओ किंचित तरंगतो. घेतानाच दुकानात टेबलावर ठेवून व्हिडिओ काढून बघा.

सांजवेळ_मिरामार

मला तर व्हिडिओच काढायचे आहेत, सगळा किनारी रस्ता, मोबाइलने, हँडलवरून. कुठला फोन जास्त स्थिर? ओआयएस जितकं चांगलं तितका बाइकवर व्हिडिओ चांगला ना?

कंपनमापक

उलट. ओआयएस हाताच्या थरथरीसाठी आहे, ती सेकंदाला दहा-बारा वेळांच्या आतली. इंजिनाची 50-100 वाली थरथर पकडायला ते केलेलंच नाही. फोनचं फिरणं ओळखणारा जायरोही त्यात गोंधळतो. बाइकवरच्या व्हिडिओसाठी अॅक्शन कॅमेरा घ्या, बहुतेकांत चित्र सॉफ्टवेअरने सावरलं जातं, लेन्स हलत नाही. पण हा धागा डिचोलीकरांच्या बिघाडाचा आहे, तुमचा वेगळा काढा ना.

चोर्लाप्रेमी

बरं, बिघाड समजला. पण पुढे काय? डॅम्पर लावला की मिटतं, हे मी म्हटलंच होतं.

कंपनमापक

चोर्लाबाब, डॅम्परने पुष्कळ फायदा होतो, पण "मिटतं" नाही. रबर सगळीच थरथर खात नाही. रबर आणि फोन मिळून स्वतःची एक लय तयार होते. समजा ती 20 हर्ट्झ आहे. त्याच्या साधारण 1.4 पटीच्या, म्हणजे 28 हर्ट्झच्या वरची थरथर डॅम्पर कमी करतो. खालची तशीच जाऊ देतो, आणि 20 च्या आसपासची वाढवतो. फोन जड असेल तर लय खाली सरकते, रबर उन्हाने कडक झालं तर वर. 350 सीसीचं इंजिन उभ्या गाडीवर 1000 आरपीएमला, म्हणजे साधारण 17 हर्ट्झला चालतं. तेव्हा सिग्नलला डॅम्परवरचा फोन जास्त नाचेल, हमरस्त्यावर कमी.

आणि आरशाच्या दांडीला लावायचं तर अजिबात नको. दांडी लांब, टोकाला वजन, ती इंजिनाला साथ देत डोलते. हँडलचा मधला भाग, क्लॅम्पजवळचा, त्या मानाने बरा.

वाद घालण्यापेक्षा मोजा ना. जुना, ओआयएस नसलेला फोन हँडलला लावा. त्यात phyphox हे फुकट अॅप टाका. त्यातलं वेगवाढीचं स्पेक्ट्रम उघडा, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती थरथर आहे ते शिखरासारखं दिसतं. मर्यादा एवढीच की कित्येक अँड्रॉइड फोनांचा सेन्सर सेकंदाला 200 च्या आसपास नोंदी घेतो, म्हणून 100 हर्ट्झच्या वरचं खरं दिसत नाही. उलट वरची थरथर दुमडून खाली खोट्या शिखरासारखी उमटू शकते. 3000 आरपीएमची मुख्य थरथर मात्र 50 ला असते, ती नीट कळेल. दुसऱ्या पटीची 100 वर येते, म्हणजे अगदी काठावर, तिच्यावर विसंबू नका.

डिचोलीकर

चोर्लाप्रेमींनी त्यांचा डॅम्पर दिला होता, बाणस्तारीच्या पुलाजवळ भेटून. बायकोचा जुना फोन लावून मोजलं. आकडे मोजके देतो, 1 जी म्हणजे गुरुत्वाएवढी वेगवाढ.

नुसता पंजा, हँडलच्या मधोमध, गाडी 60 वर: शिखर 50 च्या आसपास, साधारण 2 जी. नुसता पंजा, उभी गाडी: शिखर 17 ला, 0.15 जी. डॅम्पर लावून 60 वर: 0.6 जी. डॅम्पर लावून उभी गाडी: 0.4 जी. आरशाच्या दांडीला पंजा लावून 60 वर नेलं तर शिखर 3 जीच्या पुढे गेलं. मग तो प्रयोग तिथेच थांबवला, दांडीचा नट सैल होत होता.

म्हणजे कंपनमापकांचं सिग्नलवालं खरं निघालं. उभ्या गाडीवर डॅम्परने थरथर अडीचपटीच्या वर गेली.

चोर्लाप्रेमी

पण 60 वर 2 चं 0.6 झालं ना! दिवसभरात सिग्नलला कितीसा उभा राहता तुम्ही? डॅम्परच बरा.

कंपनमापक

आकडे सुबक आले. 2 जी मध्ये हँडल किती हलतं तेही सांगतो: 50 हर्ट्झला 0.1 मिलिमीटरचा झोका म्हणजे साधारण 1 जी, तेव्हा 2 जी म्हणजे 0.2 मिलिमीटर. डोळ्याला दिसणार नाही. पण आत लेन्सला सरकायला जागाच त्याहून कमी, आणि लय जुळली तर तिची हालचाल हँडलपेक्षा जास्त. चोर्लाबाब, 0.6 ला धोका बराच कमी, हे मान्य. पण कुठल्या आकड्याखाली लेन्स कायम टिकेल, हे फोन बनवणाऱ्यांनी कुठे छापलेलं मला तरी दिसलेलं नाही. 0.6 जी दिवसाला चार तास, हे मला अजूनही आवडत नाही. शिवाय खड्डे. खड्ड्याच्या मोठ्या धक्क्याला रबर पुरतं दाबलं जातं आणि धक्का फोनपर्यंत पोचतो, आणि म्हापसा ते डिचोली रस्त्यावर पावसाळ्यानंतर खड्ड्यांचं सांगायला नको.

पायलटाचा भाचा

मामांना दाखवलं. म्हणाले, "फोन खिशांत घाल रे, आनी कान उगडे दवर." म्हणजे फोन खिशात टाकायचा आणि कानावर भरवसा ठेवायचा. ते गिऱ्हाइकाचा पत्ता फोनवर ऐकूनच निघतात.

मायक्रोस्कोपवाला

शर्टाच्या खिशात फोन ठेवलेल्या माणसाचं मॉड्यूल गेलेलं मी फारसं पाहिलं नाही. माणसाचं अंग 50 हर्ट्झची थरथर बरीच खाऊन टाकतं. टाकीवरच्या चुंबकी पिशवीत मात्र नको, वर चुंबक आणि खाली इंजिन, दोन्ही त्रास एका जागी.

डिचोलीकर

माझं ठरलं असं. मुख्य फोन खिशात, पत्ता हेल्मेटमधल्या एका कानाच्या स्पीकरवर. हँडलला डॅम्पर आणि त्यावर बायकोचा जुना फोन, कॅमेरा गेला तरी चालेल असा, हॉटस्पॉटवर नकाशा दाखवायला. मॉड्यूलची किंमत मडगावात साडेसहा हजार सांगितली. हमी मागायला सेवाकेंद्रात गेलो तर "बाइकवर लावत होता का" असा प्रश्न पहिल्याच वाक्यात आला. खरं काय ते सांगितलं, पुढे काय होतं ते बघू.

मायक्रोस्कोपवाला

साडेसहा मध्ये मजुरीसकट का? विचारून घ्या. आणि बदलल्यावर उभा-आडवा-पालथा, तिन्ही स्थितीत कागदावरचं छापील अक्षर टिपून बघा, चारही कडा सारख्या हव्यात.

मंजिरी_म्हापसा

माझा चुंबकी माउंट काढून टाकला, पण दुसरा लावायचाय. 125 ची स्कूटर आहे, रोज म्हापसा-पर्वरी. कंपनमापक, स्कूटरला डॅम्पर पुरे का?

कंपनमापक

बहुतेक स्कूटरमध्ये इंजिन मागच्या चाकाबरोबर हलणाऱ्या भागावर रबराच्या जोडणीतून टांगलेलं असतं, म्हणून हँडलपर्यंत त्या 350 च्या मानाने कमी पोचतं. पण बेल्ट गिअरमुळे आरपीएम वेगाबरोबर सरळ वाढत नाही. कुठल्या वेगाला जास्त थरथर आहे ते तुमच्याच स्कूटरवर मोजावं लागेल. phyphox लावा, उभी, 30 वर आणि 50 वर, तीन नोंदी घ्या.

चोर्लाप्रेमी

स्कूटरला काही होत नाही हो, बिनधास्त लावा.

मंजिरी_म्हापसा

चोर्लाप्रेमी, डॅम्पर तुमच्याकडे परत आला असेल तर मलाही द्या. रविवारी दोन्ही प्रकारे लावून बघते आणि आलेख इथे टाकते. मग तुम्ही दोघं भांडा.